पुरवठा ४० ने घटला, विक्री मात्र २० नेच!

"पुरवठा घटला की भाव वाढतो" एवढं पाठ करून आलेख समजत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एक काल्पनिक कांदा बाजार घ्या.

मागणी = १०० − २ × किंमत
पुरवठा = २० + २ × किंमत

किंमत किलोला रुपयांत, नग क्विंटलमध्ये. २० रुपयांना दोन्ही ६० क्विंटल होतात. हाच समतोल बिंदू.

आता अवकाळी पावसाने कांदा सडला. प्रत्येक किमतीला पुरवठा ४० क्विंटलने कमी, म्हणजे पुरवठा वक्र डावीकडे सरकला. २० रुपयांना गिऱ्हाईक ६० मागतंय, माल फक्त २०. या ओढाताणीत भाव चढतो. ३० रुपयांना दोन्ही बाजू ४० वर जुळतात.

बघा, विक्री ४० ने नाही, २० नेच घटली. कारण चढा भाव बघून चाळीतला राखलेला कांदा बाजारात येतो.

मुलं इथे हमखास "मागणी वक्रही सरकला" म्हणतात. तसं नाही! गिऱ्हाईक त्याच वक्रावर वर सरकलं. म्हणून आधी विचारायला शिकवा: नक्की कोणता वक्र हलला?