पेटंट तीन, रेझ्युमेवर एक

चाकणला बारा वर्षं काम केलेल्या एका अभियंत्याने गेल्या आठवड्यात मला आपला रेझ्युमे दाखवला. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीचं तापमान आटोक्यात ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याच कामातली वरची जागा त्याला हवी आहे. शेवटी ‘पेटंट, पेपर आणि पुरस्कार’ या शीर्षकाखाली चौदा ओळी होत्या. त्यातल्या ठेवायच्या कोणत्या?

सुरुवात पेटंटपासून केली, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. त्याने तीन पेटंट लिहिली होती. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून आम्ही प्रत्येकाची सद्यस्थिती पाहिली. पहिलं, बॅटरीखालच्या शीतकरण प्लेटचं, खरोखर मंजूर झालेलं होतं. दुसरा अर्ज २०१९ मधला. तो प्रकाशित झाला होता, पण पुढे काहीच घडलं नव्हतं. भारतात पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. कल्पना नवी आहे की नाही, हे तोवर कोणी तपासलेलं नसतं. ती तपासणी व्हावी म्हणून वेगळी विनंती करावी लागते. त्या वेळी त्यासाठी अठ्ठेचाळीस महिन्यांची मुदत होती, २०२४ च्या नियमांनी ती एकतीसवर आणली. मुदतीत विनंती झाली नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. इथे तेच झालं होतं. असा अर्ज ‘पेटंट’ म्हणून लिहिणं खोटं ठरतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती ओळ काढली.

तिसरी ओळ ‘डिझाइन पेटंट’ची होती. भारतात डिझाइनची नोंदणी होते, तीही वेगळ्या कायद्याखाली. ती वस्तूच्या बाह्यरूपाला मिळते, ती चालते कशी याला नाही. चार्जरच्या खोक्याचा आकार या उमेदवाराच्या पुढच्या कामाशी जुळत नव्हता, म्हणून तीही गेली. उत्पादनाचं रूप घडवणाऱ्या डिझायनरने मात्र हीच ओळ ‘नोंदणीकृत डिझाइन’ असं नाव देऊन सर्वांत वर ठेवावी.

अर्ज अजून तपासणीत असेल, तर तो लिहायला हरकत नाही, फक्त ‘प्रलंबित’ हा शब्द हवा. पण प्रकाशितच न झालेल्या अर्जाचा तपशील देऊ नये. ते मालक कंपनीचं गुपित असतं, आणि ते फोडणारा उमेदवार नव्या कंपनीलाही नको असतो. एकच शोध भारत, अमेरिका आणि युरोपात मंजूर झाला असेल, तर त्याची एकच ओळ करावी आणि देश पुढे लिहावेत. नूतनीकरणाचं शुल्क न भरल्यामुळे कंपनीने सोडून दिलेलं पेटंट मात्र काढायचं कारण नाही. हक्क संपला तरी शोध तपासणीतून पार पडला होता, हे खरंच राहतं.

मग मी त्याला पहिल्या पेटंटचा पहिला दावा त्याच्या शब्दांत सांगायला लावला. शोधकर्ते पाच होते. प्लेटमधल्या वाहिन्यांची रुंदी प्रवाहाच्या दिशेने का बदलत नेली आणि ते गणित त्याने कसं मांडलं, हे त्याने न अडखळता सांगितलं. पेपरवर पहिल्या नावाला मान असतो; पेटंटवर शोधकर्त्यांच्या नावांच्या क्रमावरून वाटा कळत नाही. तो मुलाखतीत असाच विचारून काढतात. पाच जणांत नाव आहे, पण दावा समजावता येत नाही, असं असेल तर मंजूर पेटंटही उमेदवाराला गोत्यात आणतं.

पेपर चार होते. पुण्याच्या एआरएआयच्या सियाट परिषदेतला बॅटरीच्या तापमानावरचा पेपर ठेवला. कॉलेजातले दोन काढले, कारण बारा वर्षांच्या कामापुढे ते काहीच नवं सांगत नाहीत. चौथा पैसे भरून तीन दिवसांत स्वीकारला गेलेला होता. परीक्षकांनी काय सुधारणा सुचवल्या, असं विचारल्यावर त्याच्याकडे एकही टिपण निघालं नाही. असा पेपर शेजारच्या चांगल्या पेपरवरही संशय आणतो. प्राध्यापकपदाचा अर्ज असता, तर खऱ्या पेपरांची पूर्ण यादी वेगळ्या पानावर जोडायला सांगितली असती.

पुरस्कार सात. दोन नामांकनाचं शुल्क भरून मिळालेले. चार हजेरीचे किंवा अख्ख्या विभागाला वाटलेले. उरलेला कंपनीचा वार्षिक पुरस्कार होता, पण त्याचं नाव बाहेर कोणाला ठाऊक नाही. तो कशासाठी मिळाला? वॉरंटीतल्या तक्रारींचं एक मूळ कारण शोधून ते दूर केल्याबद्दल. मग ती ओळ नोकरीच्या तपशिलात नेली: आधी काम आणि त्यातून घटलेल्या तक्रारी, शेवटी ‘यासाठी वार्षिक पुरस्कार’.

चौदा ओळींतून तीन उरल्या. त्याला भीती वाटली की पान रिकामं दिसेल. मोकळ्या झालेल्या जागेत त्या प्लेटमुळे बॅटरीच्या पेशींमधला तापमानाचा फरक किती कमी झाला, ते लिहायला सांगितलं. वरची जागा देणाऱ्याला नेमकं तेच वाचायचं असतं.