खेकडा साफ कसा करावा, किती वेळ उकडावा?

खेकड्याचा रस्सा बिघडला की दोष बहुधा मसाल्यावर जातो. रस्सा कडवट लागला, खाताना वाळू दाताखाली आली, मांस कवचाला चिकटून बसले किंवा पाणचट निघाले, तर त्याचे कारण मात्र मसाला वाटण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात शोधावे लागते. खेकडा शांत कसा केला, उघडताना आतून काय काढले आणि उकळत्या पाण्यात तो किती मिनिटे राहिला, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकांकडून याविषयी वारंवार विचारणा होते. म्हणून या वेळी पाककृती बाजूला ठेवून फक्त पूर्वतयारीबद्दल.

उदाहरणासाठी खाडीतला हिरवट-काळा, जाड नांग्यांचा खेकडा घेऊ. मुंबई-ठाण्याकडे याला चिंबोरी म्हणतात, तर मालवण-गोव्याकडे कुर्ली. पश्चिम किनाऱ्यावर तो मिळतोच, शिवाय बंगालच्या सुंदरबनापासून आंध्र-तामिळनाडूपर्यंतच्या खाड्यांमध्येही मिळतो. त्यामुळे कोलकाता किंवा चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो बाजारात सहज दिसेल. प्रत्येकी साडेचारशे ग्रॅमचे दोन खेकडे आणले आहेत, असे धरू.

घेतानाच पाहावे

खेकडा जिवंतच घ्यावा. मासा मेल्यावर बर्फात काही काळ चांगला राहतो, खेकड्याचे तसे नाही. तो मेला की त्याच्या पोटातले पाचक रस त्याचेच मांस विरघळवू लागतात आणि जंतूही झपाट्याने वाढतात. बाजारात मेलेला खेकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. डोळ्याजवळ बोट नेताच डोळे आत घेणारा, पाय आवळणारा खेकडा चांगला. पाय लोंबत असतील तर तो सोडून द्यावा.

दुसरी परीक्षा वजनाची. सारख्या आकाराचे दोन खेकडे दोन्ही हातांत धरावेत आणि जड लागेल तो घ्यावा. खेकडा वाढताना जुने कवच टाकतो. नवे कवच आल्यावर काही दिवस आत मांस कमी आणि पाणीच जास्त असते. अशा खेकड्याच्या पोटाकडचे कवच अंगठ्याने दाबले तर दबते. भरलेल्या खेकड्याचे दबत नाही. वजन करताना बांधलेल्या दोरीकडेही लक्ष असू द्यावे. जाड ओली दोरी म्हणजे खेकड्याच्या भावाने घेतलेले पाणीच.

घरी आणल्यावर खेकडा पाण्याच्या बादलीत सोडू नये. त्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि खेकडा गुदमरून मरतो. ओल्या पोत्यात गुंडाळून गार, हवेशीर जागी ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी करावा.

आधी गार, मग हात लावावा

जिवंत खेकडा थेट उकळत्या पाण्यात टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती क्रूर तर आहेच, पण तिच्यामुळे मांसही बिघडते. धक्का बसताच खेकडा आपले पाय आणि नांग्या सांध्यातून सोडून देतो. त्या उघड्या सांध्यांतून पाणी आत शिरते आणि मांस पाणचट होते.

म्हणून दोरी न सोडता खेकडा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये अर्धा ते पाऊण तास ठेवावा, किंवा भरपूर बर्फ घातलेल्या खारट पाण्यात वीस ते तीस मिनिटे बुडवावा. डोळ्याला किंवा तोंडाला स्पर्श करूनही हालचाल होत नसेल, तर तो बधिर झाला असे समजावे. आता तो उताणा ठेवावा. पोटावर एक चपटा पदर दिसेल. नराचा पदर अरुंद व टोकदार असतो, मादीचा रुंद व गोलसर. तो उचलला की खाली मधोमध एक खळगा दिसतो. त्यात दाभण किंवा टोकदार स्क्रू ड्रायव्हर जोराने सरळ आत घालावा. मग डोळ्यांच्या मधोमध, तोंडाच्या वरच्या खोलगट जागेतून दुसऱ्यांदा घालावा. खेकड्याची मज्जासंस्था या दोन ठिकाणी एकवटलेली असते. पाय पूर्ण ढिले पडले की काम झाले. दोरी त्यानंतरच कापावी.

उघडणे व साफ करणे

प्रथम वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने पाठ, पोट आणि पायांचे सांधे घासून काढावेत. खाडीचा चिखल सांध्यांत बसलेला असतो. कवच उघडल्यावर घासू गेलो, तर तोच चिखल मांसात जातो.

मग नांग्या व पाय बुडाशी धरून पिळून वेगळे करावेत. पोटावरचा पदर मागे ओढून तोडावा. त्याच्याबरोबर आतड्याची दोरीही निघून येते. पदर निघाला की मागच्या बाजूला फट दिसते. एका हाताने पायांची बुडे धरावीत, दुसऱ्या हाताचा अंगठा फटीत घालावा आणि पाठीचे कवच डब्याच्या झाकणासारखे वर उचलावे. खेकडा पुरेसा गार झाला असेल तर ते सहज सुटते.

आता दोन्ही बाजूंना तिरपी बसलेली, पिसांसारखी मऊ, राखाडी-पांढरी बोटे दिसतील. हे कल्ले. खेकडा यांच्यातून श्वास घेतो, म्हणजे खाडीचे सारे पाणी यांच्यातूनच गाळले जाते. कल्ले विषारी असतात, असा समज आहे. तो खरा नाही. पण त्यांच्यात गाळ व जंतू अडकून राहतात, चव कडवट असते आणि शिजूनही ते स्पंजासारखेच लागतात. म्हणून दोन्ही बाजूंचे कल्ले बोटांनी उपटून टाकावेत. झाकणाखाली लपलेला एखादा राहून जातो, तोही शोधावा.

यानंतर विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जठराची पिशवी. ती डोळ्यांच्या मागे असते आणि बहुतेक वेळा उचललेल्या कवचाला चिकटून येते. तिच्यात अन्न दळणारे बारीक दात आणि अर्धवट पचलेला गाळ असतो. रश्श्यात लागणारी वाळू पुष्कळदा इथली असते. पिशवी न फोडता अलगद ओढून काढावी. तोंडाचे भागही तोडून टाकावेत.

उरतो तो पिवळसर-तपकिरी मऊ भाग, आणि मादीत कधी कधी घट्ट केशरी अंडी. अंडी अवश्य ठेवावीत. पिवळा भाग चवीला फार छान, पण ते खेकड्याचे यकृतासारखे काम करणारे इंद्रिय आहे. पाण्यातले धातू व विषारी द्रव्ये तिथे साठतात. बंदर किंवा कारखान्यांजवळच्या खाडीतला खेकडा असेल, तर तो टाकून द्यावा. ठेवायचे असेल ते आधी चमच्याने वाटीत काढावे आणि मगच धड झटपट धुवावे. पाण्यात भिजत ठेवू नये, गोडवा निघून जातो. शेवटी धडाचे मधोमध दोन तुकडे करावेत.

किती मिनिटे?

साफ केलेल्या दोन खेकड्यांसाठी दोन लिटर पाणी व दोन मोठे चमचे मीठ पुरे. पाणी खळखळून उकळल्यावर आधी फक्त नांग्या टाकाव्यात, कारण त्यांचे कवच जाड असते. तीन मिनिटांनी धडाचे तुकडे टाकावेत आणि उकळी परत आल्यापासून सहा ते सात मिनिटे मोजावीत. नांग्या आधी फोडू नयेत, नाही तर आत पाणी जाते. रश्श्यातच शिजवायच्या असतील तेव्हा मात्र त्यांना हलकी चीर पाडावी. खेकडे वेगळे न उकडता साफ केलेले तुकडे थेट उकळत्या रश्श्यात सोडायचे असतील, तरी वेळ हाच.

मांस सोडवून कटलेट किंवा सुके करायचे असेल, तर मारलेला व घासलेला खेकडा न उघडता अख्खाच उकडावा. रस कवचात राहतो आणि मांस जास्त मऊ लागते. यासाठी चार लिटर पाणी आणि दर लिटरला दोन मोठे चमचे मीठ घ्यावे. उकळी परत आल्यावर पाव किलोच्या खेकड्याला आठ ते नऊ मिनिटे, साडेचारशे ग्रॅमच्या खेकड्याला बारा, आणि किलोभर वजनाच्या खेकड्याला अठरा ते वीस मिनिटे लागतात. मग दोन मिनिटे गार पाण्यात धरून लगेच निथळावा आणि वरच्याच क्रमाने कवच, कल्ले व पिशवी काढावी. साडेचारशे ग्रॅमच्या खेकड्यातून साधारण सव्वाशे ग्रॅम मांस निघते.

कवच लाल झाले म्हणजे खेकडा शिजला, असे समजू नये. तो रंग कवचात आधीपासूनच असतो. उष्णतेने त्याला झाकणारे प्रथिन सुटते आणि तो उघडा पडतो. हे आतले मांस शिजण्याच्या आधीच घडते. खरी खूण जाड सांध्याजवळ पाहावी. मांस दुधासारखे पांढरे असेल आणि कवचापासून सहज सुटत असेल, तर ते शिजले. करड्या जेलीसारखे पारदर्शक दिसले, तर आणखी दोन मिनिटे द्यावीत. दोऱ्यासारखे कोरडे निघाले, तर वेळ जास्त झाली. ते मग कितीही शिजवले तरी मऊ होत नाही.

गोड्या पाण्याचे खेकडे

पावसाळ्यात सह्याद्रीत व विदर्भात ओढ्यांचे, शेतांच्या बांधांवरचे काळे खेकडे मिळतात. त्यांच्या बाबतीत मांस मऊ राहील की नाही, याचा विचार दुय्यम ठेवावा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसाचा एक परजीवी कृमी असू शकतो. मणिपूर, नागालँड व अरुणाचलात अर्धकच्चे खेकडे खाल्ल्याने त्याची लागण झालेले रुग्ण आढळले आहेत. खोकला आणि थुंकीतून रक्त या लक्षणांमुळे हा रोग क्षय समजला जाण्याची शक्यता असते. म्हणून हे खेकडे आकाराने लहान असले तरी उकळी आल्यानंतर किमान पंधरा मिनिटे शिजवावेत. ज्या सुरीने व पाटावर ते कापले, ती भांडी साबणाने व कढत पाण्याने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नयेत.

खेकड्यांचे बारीक पाय टाकून न देता थोड्या पाण्याबरोबर वाटून गाळून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे पाणी रश्श्याला दाटपणा व चव देते. पण ते कच्चे असते, हे लक्षात ठेवावे. मसाला परतल्यावर लगेच घालून सतत ढवळत उकळी आणावी. न ढवळल्यास त्यातले प्रथिन गोळा होऊन रस्सा फाटल्यासारखा दिसतो. रस्सा नीट उकळल्यावरच खेकड्याचे तुकडे त्यात सोडावेत. तुकडे आधीच उकडलेले असतील, तर दोन-तीन मिनिटांत गॅस बंद करावा.