‘बॅक’ लपवू नका, तीन वाक्यांत सांगा. पुढचं गुणपत्रिका बोलेल

अहमदपूर : पदवी हातात आली, पुढच्या प्रवेशाचा किंवा नोकरीचा अर्ज भरायला घेतला, की एक प्रश्न हमखास अडवतो. एक विषय राहिला होता, वर्ष वाया गेलं होतं. ते सांगायचं की झाकायचं? घरातली मंडळी म्हणतात, ‘विचारलं तर बघू.’ माझ्या मते हा सल्ला घातक आहे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या मुलाचंच उदाहरण घ्या. कोणता पेपर कधी सुटला, हे त्याच्या सत्रनिहाय गुणपत्रिकांवरच्या परीक्षेच्या महिन्या-वर्षावरून कळतं. तीन वर्षांची पदवी चौथ्या वर्षी मिळाली, हे कागद तपासणाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं. परदेशी विद्यापीठं तर अनेकदा नापास प्रयत्नांच्या गुणपत्रिका आणि बॅकलॉग प्रमाणपत्रही मागतात. म्हणजे लपत काहीच नाही. उलट ‘बॅकलॉग आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहून रुजू होताना पकडले गेलात, तर मुद्दा नापास होण्याचा राहत नाही, खोटं बोलण्याचा होतो.

नेमकं काय लिहायचं?

समजा, अहमदपूरच्या एका विद्यार्थ्याचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात गणिताचा पेपर राहिला. 100 पैकी 22 गुण, उत्तीर्ण व्हायला हवे होते 40. आणखी बरेच पेपर राहिल्यानं दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही आणि वर्ष गेलं. आता त्याला एम.एस्सी.साठी उद्देशपत्र लिहायचं आहे. पहिल्या मसुद्यात त्यानं पानभर लिहिलं : वडिलांचं आजारपण, सोयाबीनचं नुकसान, पेपर तपासणीतला अन्याय, मनाची अवस्था. सगळं खरं असेलही. पण वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त अपयश राहतं.

तेच असं लिहिता येतं :

‘दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या वेळी वडील नांदेडला रुग्णालयात होते, गणितासह बरेच विषय राहिले आणि माझं एक वर्ष गेलं. पुढच्या प्रयत्नात मी ते सगळे विषय उत्तीर्ण झालो, गणितात 51 गुण मिळाले. त्यानंतरच्या गणिताच्या दोन पेपरांत मला 63 आणि 68 गुण आहेत.’

पहिल्या वाक्यात काय घडलं, दुसऱ्यात ते कसं निस्तरलं, तिसऱ्यात आज स्थिती काय. या तिसऱ्या वाक्यात खरं वजन आहे. ‘नंतर माझे एकूण गुण वाढले’ एवढं पुरत नाही. सोप्या विषयांनीही सरासरी वाढते. जो विषय राहिला, त्याच विषयाच्या पुढच्या पेपरात गुण आले, तरच पाया पक्का झाल्याचं समोरच्याला पटतं. असा पुढचा पेपर अभ्यासक्रमात नसेल, तर त्या विषयावर आधारलेला प्रकल्प किंवा परीक्षा घेतलेला अभ्यासक्रम दाखवा. नुसत्या हजेरीचं प्रमाणपत्र इथं उपयोगाचं नाही.

आजारपण वगैरे काही नव्हतं, अभ्यासच केला नव्हता, तर? तेही एका वाक्यात सांगा : ‘पहिल्या वर्षी मी शेवटच्या महिन्यावर विसंबलो.’ रचलेलं कारण मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

कुठे, किती?

हा मजकूर उद्देशपत्राच्या सुरुवातीला नको. शैक्षणिक वाटचाल सांगून झाल्यावर यावा. नोकरीच्या बायोडेटात कारण लिहूच नका. तिथं प्रवेशाचं आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष खरं लिहा, कारण मुलाखतीत तोंडी सांगा. गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं, तर त्यातही तेच कारण आणि त्याच तारखा हव्यात. तीन कागदांवर तीन कारणं दिसली, की संशय येतो. जिथं कुणी विचारत नाही, तिथं स्वतःहून सांगायचीही गरज नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते. वाया गेलेल्या वर्षाचा खुलासा कुणी मागत नाही.

या उपायाला मर्यादाही आहे. जाहिरातीत ‘किमान 60 टक्के’ किंवा ‘एकही विषय बाकी नसावा’ अशी अट असेल, तर कितीही नेमकं लिहिलं तरी अर्ज चाळणीतच बाद होतो. विषय अजून राहिलेला असेल, तर स्पष्टीकरण लिहिण्यात वेळ घालवू नका. आधी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरा आणि बॅक काढा. सांगण्यासारखं तिसरं वाक्य त्यानंतरच तयार होतं.