सॉ पाल्मेटो आणि तीन गुणांचा आराम

पौरुष ग्रंथीच्या वृद्धीमुळे मूत्रप्रवृत्तीचा त्रास होणारे वयस्क रुग्ण सॉ पाल्मेटोच्या कॅप्सूलविषयी आपणांस विचारतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात वाढणाऱ्या एका बुटक्या ताडाच्या फळांचा हा अर्क होय. तो वनस्पतिजन्य आहे, एवढ्यावरून त्याची शिफारस करणे आम्हांस उचित वाटत नाही.

या अर्काची कसोटी अमेरिकेत दोनदा कसून लागली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 225 पुरुषांना वर्षभर रोजची 320 मिलिग्रॅमची प्रचलित मात्रा अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोहोंत फरक आढळला नाही. मात्रा अपुरी पडली असावी, ही शंका 2011 सालच्या अभ्यासाने दूर केली. त्यात 369 पुरुषांना 72 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने तिप्पट मात्रेपर्यंत नेले. पस्तीसपैकी मोजला जाणारा त्यांचा लक्षणांक अर्क घेणाऱ्यांत सुमारे 2.2 ने उतरला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे 3 ने!

हा दुसरा आकडाच आपणांस बोधप्रद आहे. या व्याधीची लक्षणे स्वभावतःच कमीजास्त होतात आणि त्रास वाढला असतानाच रुग्ण येतो. तेव्हा ‘बरे वाटते’ या शब्दावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. हाच न्याय गोक्षुर, वरुण व चंद्रप्रभेलाही लावावयास हवा; आपल्या औषधांना सवलत का असावी?

उदाहरणार्थ, लक्षणांक 18 असलेला सदुसष्ट वर्षांचा रुग्ण घ्या. सोनोग्राफीत मूत्रत्यागानंतर बस्तीत 60 मिलिलिटर मूत्र उरते. तीन महिन्यांनी लक्षणांक 15 होतो व रुग्ण समाधानी दिसतो. पण शिल्लक मूत्र 210 मिलिलिटर झालेले असते. येथे आराम वरवरचा असून अवरोध वाढतो आहे. केवळ विचारपूस करणारा वैद्य तेच औषध चालू ठेवील; मोजणारा वैद्य रुग्णास मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवील.

म्हणून आमचे मत असे की, चिकित्सारंभी लक्षणांक, शिल्लक मूत्र, मूत्रपरीक्षण व क्रिएटिनिन यांची नोंद व्हावी आणि लक्षणांक व शिल्लक मूत्र तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. मूत्रात रक्त दिसणे, मूत्र तुंबणे, ज्वर येणे अथवा झोपेत नकळत थेंब गळणे ही लक्षणे असल्यास प्रयोग करीत बसू नये.

औषधविक्रेत्यांनी कॅप्सूल देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : सर्दीची गोळी चालू आहे काय? स्यूडोएफेड्रिन व क्लोरफेनिरामिन यांमुळे अशा रुग्णाचे मूत्र एकाएकी तुंबू शकते. या एका प्रश्नाने रुग्णाचे जे हित साधेल, ते त्या कॅप्सूलने साधेल असे आम्हांस वाटत नाही.