दिवसपाळीचा अर्ज आणि रात्रीचा हिशेब

आमच्या रुग्णालय कर्मचारी युनियनच्या कचेरीत दर महिन्याला जे अर्ज लिहून घेण्यासाठी लोक येतात, त्यांत एक अर्ज ठरलेला असतो: ‘माझे मूल लहान आहे, तरी मला कायमची दिवसपाळी मिळावी ही नम्र विनंती.’ अर्जाचे उत्तरही ठरलेले असते. ‘रुग्णसेवेच्या हितास्तव विनंती मान्य करता येत नाही.’ एका ओळीची विनंती आणि एका ओळीचा नकार, एवढ्यावर प्रकरण संपते. नंतर ती परिचारिका एक तर नोकरी सोडते, नाही तर गावाकडून सासूला किंवा आईला बोलावून घेते. ज्या घरात अशी म्हातारी माणसे नाहीत, तिथे काय होते, हे आपण सगळे जाणतो. तरीही त्याविषयी बोलणे टाळतो.

एका खाजगी धर्मादाय रुग्णालयातील परिचारिका भगिनीचा असाच नाकारला गेलेला अर्ज गेल्या वर्षी आमच्याकडे आला. साडेतीन वर्षांचा मुलगा, नवरा कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा, घरात तिसरे माणूस नाही. तिचा अर्ज आम्ही दुसऱ्यांदा लिहिला. तो कसा लिहिला हे येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपले कार्यकर्ते अशा अर्जात कारुण्य फार घालतात आणि हिशेब मुळीच घालत नाहीत.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण तिच्याविषयी दोन्हीकडे गैरसमज आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्या 43व्या कलमाप्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती लागते. हे वाचून अनेक साथींना वाटते की, संमती काढून घेतली की काम झाले. पण ही संमती बहुधा नेमणूकपत्रातच घेतलेली असते: ‘मी कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे.’ ती मागे घेणाऱ्या बाईला व्यवस्थापन लगेच दिवसपाळी देईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. मूल सांभाळण्यासाठी दिवसपाळी हा हक्क म्हणून कोणत्याही केंद्रीय कायद्यात लिहिलेला नाही. उलट, औद्योगिक आस्थापनांसाठीच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांतच कामगाराची एका पाळीतून दुसऱ्या पाळीत बदली करता येईल असे कलम होते, आणि व्यवस्थापने अजूनही त्याच भाषेत बोलतात. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे, ही तरतूद 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आली. पण रात्री नऊ ते सकाळी सात मूल ठेवणारे पाळणाघर या रुग्णालयात नव्हते.

म्हणून पाळी ठरवण्याच्या व्यवस्थापनाच्या अधिकाराशी अर्जात भांडण मांडायचे नाही, तर तो अधिकार अमुक रीतीने वापरावा, तसे केल्याने वॉर्ड अडत नाही, हे दाखवायचे, असे आम्ही ठरवले.

दाखवायचे कसे? वॉर्डाच्या ड्यूटी-तक्त्यावरून. मागच्या तक्त्यांच्या नकला तिने हाताने उतरवून आणल्या. तिच्या वॉर्डात मंजूर पदे बारा. सकाळी सात ते दोन चार परिचारिका, दुपारी दोन ते नऊ तीन, आणि रात्री नऊ ते सात दोन. म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात रात्रीच्या ड्यूट्या साठ. बारा जणींत वाटल्या तर प्रत्येकीला पाच. एकीला रात्रीतून मुक्त केले तर तिच्या पाच रात्री अकरा जणींवर येतात, म्हणजे प्रत्येकीला सुमारे दोन महिन्यांतून एक रात्र जास्त. हा आकडा अर्जात सर्वांत वर लिहिला. तो लपवणारा अर्ज सहकाऱ्यांना फसवतो, आणि त्या हे पहिल्याच महिन्यात ओळखतात. ‘हिच्या मुलासाठी आम्ही का जागायचे?’ हा प्रश्न मत्सरातून येतो असे नाही. त्यांच्याही घरी मुले आहेत.

नंतर दिवसपाळी म्हणजे नेमके काय हवे, ते तपासले. पहिल्या अर्जात ते नव्हते. दुपारची पाळी रात्री नऊला सुटते. शेजारच्या पाळणाघरवाल्या काकू मुलाला सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सातपर्यंत ठेवतात. तेव्हा केवळ सकाळपाळी मागायची काय? तशी मागणी केली असती तर दुपारच्या ड्यूट्यांचाही भार इतरांवर पडला असता. नवऱ्याच्या पाळ्या समोर ठेवल्या. तो पहिल्या पाळीत असताना दुपारी चारपर्यंत घरी येतो, तिसऱ्या पाळीत रात्री दहापर्यंत घरीच असतो. अडतो तो फक्त दुसऱ्या पाळीचा आठवडा. म्हणजे तीनपैकी दोन आठवडे ती दुपारपाळी करू शकते. तसे लेखी दिले. मेट्रनबाईंनी विचारले की, नवरा पहिल्या पाळीत असेल त्या आठवड्यात तरी रात्र का नको? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर घड्याळात होते. तो पहाटे पावणेसहाला बाहेर पडतो, काकू साडेसहाला दार उघडतात आणि हिची रात्र सातला संपते. त्या पाऊण तासासाठी साडेतीन वर्षांचे मूल कुलूप लावून घरात ठेवावे लागले असते.

बदल्यात तिने काय देऊ केले? रविवारी नवऱ्याला सुटी असते. म्हणून प्रत्येक रविवारी आणि सणाच्या दिवशी सकाळपाळी करण्याची तयारी तिने लिहून दिली. आपली साप्ताहिक सुटी आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी चालेल, असेही. ज्यांनी रुग्णालयात काम केले आहे त्यांना या देकाराचे मोल कळेल, कारण रविवारच्या ड्यूटीवरून वॉर्डात जेवढी कुरबुर होते तेवढी रात्रीवरूनही होत नाही. दोन ज्येष्ठ सहकारिणींची मुले मोठी झालेली. रात्र झाल्यावर दिवस मोकळा मिळतो म्हणून त्या महिन्याला एकेक रात्र जास्त घ्यायला तयार होत्या. त्यांच्या सह्या जोडल्या. पाचांतल्या दोन रात्री तिथेच सुटल्या.

एवढे झाल्यावर व्यवस्थापनाचा शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो आला: ‘एकीला दिले तर सगळ्या मागतील.’ या आक्षेपाची टिंगल करून चालणार नाही. दोघींनी मागितले तर उरलेल्या दहा जणींना सहा रात्री येतात, सहा जणींनी मागितले तर उरलेल्या सहांना दहा. तेव्हा मर्यादा हवीच. पण जुने तक्ते चाळताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. मागील वर्षी सात महिने त्या वॉर्डात दोन पदे रिकामी होती. त्या सात महिन्यांत प्रत्येकीने सहा रात्री केल्या होत्या. म्हणजे दोन पदे न भरून व्यवस्थापनाने परिचारिकांवर जो भार टाकला, तोच दोन आयांना रात्रीतून मुक्त केल्याने पडतो. उलट आया निदान दिवसाच्या ड्यूट्या तरी करतात, रिकामी खुर्ची तीही करत नाही. पगाराचे पैसे वाचवण्यासाठी जी तडजोड सात महिने ‘रुग्णसेवेच्या हिताला’ बाधक ठरली नाही, ती मुलासाठी मागितली की बाधक कशी ठरते? हा प्रश्न आम्ही अर्जात सौम्य शब्दांत, तक्त्यांच्या तारखांसह घातला. दहा मिनिटांच्या भेटीत त्याला उत्तर मिळाले नाही.

आदेश निघाला तो सहा महिन्यांचा. ‘कायम’ हा शब्द खोडला गेला. काही साथींना हा पराभव वाटला. मला तसे वाटत नाही, कारण लेखी आदेश निघाला. त्यापूर्वी अशा सवलती मेट्रनच्या तोंडी शब्दावर चालत. मेट्रन बदलली की सवलत गेली, आणि तोवर ती मिळालेली बाई युनियनच्या सभेला यायलाही कचरत असे. पण लेखी आदेशालाही पाय फुटतात. ‘आज अडचण आहे, एक रात्र कर’ असा निरोप पहिल्याच महिन्यात दोनदा आला. असे निरोप तारीखवार वहीत लिहून ठेवावेत आणि महिनाअखेरीस प्रत्येकीच्या रात्री मोजाव्यात. आपल्या भगिनीची एखादी रात्र वाढणे हे एक लक्षण; दुसरे, अधिक गंभीर लक्षण म्हणजे इतर कोणाच्या रात्री सहावर जाणे. तसे झाले तर रोष तिच्यावर निघतो, आणि कारण बहुधा नवे रिकामे पद हेच असते.

एक गोष्ट मात्र राहून गेली. नवऱ्याचा अर्ज कोणीच लिहिला नाही. त्याच्या कारखान्याने दुसऱ्या पाळीचा तो एक आठवडा बदलून दिला असता, तर हिला दुपारपाळी तिन्ही आठवडे करता आली असती आणि तिच्या सहकारिणींचा भार तेवढा कमी झाला असता. तो विषय निघाला तेव्हा तो हसला. ‘बापाला कोण देतो?’ म्हणाला. नवी संहिताही संमती विचारते ती स्त्रीलाच. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1981 साली कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयी जो करार केला, तो स्त्री आणि पुरुष दोघांनाही लागू आहे. त्यासोबतची 165 क्रमांकाची शिफारस तर पाळ्या लावताना आणि रात्रपाळी देताना या जबाबदाऱ्यांचा शक्य तेथे विचार व्हावा असे सांगते. तो करार भारताने मान्य केलेला नाही. त्यामुळे कारखान्याच्या दारात त्याचा कागद दाखवून काही होणार नाही. पण मागणीपत्रकाची भाषा त्यातून घेता येते.

पुढच्या करारासाठी आमच्या युनियनने मसुद्यात जे कलम घातले आहे ते असे. सहा वर्षांखालील मूल असलेल्या आणि घरात रात्री दुसरे प्रौढ माणूस नसलेल्या कोणत्याही पालकाला, आई असो वा बाप, लेखी आदेशाने दिवसपाळी मिळावी. एका वॉर्डात एका वेळी अशा दोनच जणांना. त्यामुळे इतर कोणाच्याही रात्री महिन्याला सहापेक्षा जास्त होऊ नयेत. आणि पद रिकामे झाल्यास तीस दिवसांत ते भरावे. पहिल्या तीन गोष्टींवर बोलायला व्यवस्थापन तयार आहे. चौथ्या कलमावर चर्चा दोनदा थांबली आहे.