प्लेटलेट भरपूर, तरी रक्त का थांबत नाही?

डेंग्यूच्या साथींनी आपल्या वस्त्यांना एक शब्द शिकवला आहे, तो म्हणजे प्लेटलेट. नंदुरबार शहरातली झोपडपट्टी असो की शहादा, तळोदा, नवापूरची वस्ती, ताप आला की घरातली आई आधी विचारते, "प्लेटलेट किती आल्या?" आकडा दीड लाखाच्या वर असला की घर सुटकेचा श्वास टाकते. तापाच्या बाबतीत हे ठीक आहे. पण रक्त थांबतच नाही अशा मुलाच्या बाबतीत हाच आकडा घराला आणि दवाखान्याला फसवतो. आकडा नॉर्मल म्हणजे मूल नॉर्मल, ही समजूत मोडली पाहिजे असे आमचे मत आहे.

प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. कापले, खरचटले की त्या जखमेच्या तोंडाशी जमतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात. आपल्यातले कित्येक जण गवंडीकाम करतात, त्यांना हे लगेच कळेल. भिंत उभी राहायला नुसत्या विटा पुरत नाहीत, विटेला वीट धरून ठेवणारा सिमेंटचा माल लागतो. रक्तात तो माल म्हणजे फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन. प्रत्येक प्लेटलेटच्या अंगावर हे फायब्रिनोजेन पकडणारे हजारो हात असतात. काही मुलांमध्ये हे हात जन्मापासून नसतात, फार थोडे असतात किंवा असूनही काम करत नाहीत. विटांचा ढीग पुरा, पण भिंत उभी राहत नाही. मशीन फक्त विटा मोजते, म्हणून रिपोर्टवर सगळे छान दिसते.

या आजाराचे नाव ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी 1918 साली त्याचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांच्या प्लेटलेट मोजणीत पुरेशा होत्या, पण नळीतली रक्ताची गाठ नेहमीसारखी आकसत नव्हती. म्हणजे आकडा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळून शंभर वर्षे उलटली.

हा आजार घरात कसा दिसतो हे समजायला एक तेरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणू. लहानपणी कान टोचले तेव्हा दोन दिवस रक्त झिरपत राहिले. दुधाचा दात पडला तेव्हा रात्रभर उशी भिजली. नाकातून रक्त येई, तेव्हा घरचे म्हणत, "उष्णता झाली." अंगावर न लागता काळे-निळे डाग उठत, तेव्हा शेजारीण म्हणे, "कुणी मारलं का गं हिला?" मग पहिली पाळी आली आणि आठव्या दिवशीही थांबली नाही. लाजेने तीन-चार दिवस कुणाला सांगितलेही नाही. चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन पाच, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, "प्लेटलेट नॉर्मल आहेत, मोठं काही नाही" असे सांगून घरी पाठवले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग कुणी भगताकडे न्यायला सांगतो, कुणी मुलीलाच दोष देतो.

या मुलीच्या कहाणीत खूण चार वेळा आली होती: कान, दात, नाक, डाग. पाचवी खूण पाळीची. या पाचही गोष्टी एकत्र कुणी विचारल्या नाहीत. रक्तस्राव चामडीतून, नाकातून, हिरड्यांतून आणि पाळीतून होतो, आणि तो जखम झाल्या क्षणापासून सुरू होतो, ही प्लेटलेटच्या बिघाडाची ओळख. हिमोफिलियात रक्त बहुधा सांध्यांत आणि स्नायूंत उतरते, आणि तो मुख्यतः मुलांना होतो. ग्लान्झमन मुलगे आणि मुली दोघांनाही होतो. पाळीमुळे मुलींचे हाल जास्त होतात.

आता तपासणीचे. ऑपरेशनच्या आधी आपल्याकडच्या साध्या लॅबमध्येही बीटी-सीटी करतात. बीटी म्हणजे टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ. बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावतात. साधारण पाच मिनिटांच्या आत कागद कोरा निघतो. ग्लान्झमनच्या मुलात पंधरा मिनिटांनंतरही तो लाल होत राहू शकतो. सीटी मात्र ठीक येते, आणि पीटी, एपीटीटी या तपासण्याही ठीक येतात, कारण रक्त गोठवणारे घटक शाबूत असतात. प्लेटलेट नॉर्मल, सीटी नॉर्मल आणि बीटी लांबलेली, या तीन गोष्टी एका कागदावर दिसल्या की थांबायचे नाही. ग्लान्झमन यांनी पाहिलेली गोष्टही तालुक्याच्या लॅबला पाहता येते. काचेच्या साध्या नळीत रक्त गोठू द्यायचे आणि अंगाएवढ्या उबेत तास-दोन तास ठेवायचे. निरोगी रक्ताची गाठ आकसते आणि बाजूला पिवळसर पाणी सुटते. या आजारात गाठ जवळजवळ तशीच फुगलेली राहते.

या तपासण्यांना मर्यादा आहेत. बीटी टोचणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. आठ-दहा दिवसांत ॲस्पिरिनची गोळी घेतली असेल तर निरोगी माणसाचीही बीटी लांबते. व्हॉन विलेब्रांड नावाचा आणखी एक आनुवंशिक आजार आहे. तो ग्लान्झमनपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो आणि त्यातही प्लेटलेटचा आकडा बहुधा ठीकच असतो. म्हणून साध्या लॅबचे काम फक्त संशय पक्का करण्याचे. निदान मोठ्या ठिकाणीच होते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, जिला डॉक्टर एनआयआयएच म्हणतात. रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांवर तिथे काम चालते. मुख्य तपासणीचे नाव प्लेटलेट ॲग्रिगेशन. त्यात प्लेटलेटना वेगवेगळी रसायने देऊन त्या एकमेकींना धरतात का हे पाहतात. ग्लान्झमनमध्ये एडीपी, कोलॅजेन, ॲड्रेनलिन यांपैकी कशालाही त्या दाद देत नाहीत. रिस्टोसेटिन या एकाच रसायनाने गोळा होतात. दुसरी तपासणी फ्लो सायटोमेट्री. ती प्लेटलेटवरचे ते हात आहेत की नाहीत हेच थेट दाखवते.

इथे नंदुरबारकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ॲग्रिगेशनला ताजे रक्त लागते, काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत. नंदुरबारहून एसटीने किंवा सुरतमार्गे रेल्वेने नमुना पाठवून ती तपासणी होत नाही. मुलाला स्वतः जावे लागते. म्हणून जिल्ह्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, आधी फोन करून वेळ ठरवा, आणि दहा दिवस आधीपासून वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. नाहीतर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही वाया जातात.

निदान झाल्यावर आजार जात नाही, पण जीव सांभाळता येतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कायमचे वर्ज्य. तापाला पॅरासिटामॉल चालते. कमरेत किंवा दंडात खोल सुई घ्यायची नाही. लस चुकवायची नाही, पण ती बारीक सुईने घेऊन जागा पाच-दहा मिनिटे दाबून धरायची. नाकातून रक्त आले तर मुलाला आडवे न करता पुढे वाकवून बसवायचे आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून पंधरा मिनिटे दाबायचा. पाळीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आणि गरज पडली तर हार्मोनच्या गोळ्या डॉक्टर देतात. मात्र लघवीतून रक्त जात असेल तर ट्रॅनेक्सॅमिक मनाने घेऊ नये, मूत्रमार्गात गाठ अडकू शकते. जीवावर बेतले तर प्लेटलेटच्या पिशव्या देतात, पण त्या सहज मागू नका. या मुलांच्या शरीराला ते हात अनोळखी असतात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढे खरी गरज असताना पिशवी निकामी ठरते. अशा वेळी फॅक्टर सात हे इंजेक्शन लागते. ते फार महाग आहे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

आता जे बोलायला घरे कचरतात ते बोलू. हा आजार आई आणि बाप दोघांकडून मिळून येतो, एकट्या आईकडून कधीच नाही. सिकलसेलचा हिशेब आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे, तोच इथे लागतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. वाहकाला स्वतःला काही होत नाही, म्हणून कळत नाही. असा दोष एरवी फार विरळ, दोन वाहक एकत्र येणे अवघड. पण मामाच्या मुलीशी लग्न लावले की एकाच आजा-आजीकडून उतरलेला दोष दोन्ही बाजूंनी परत एकत्र येऊ शकतो. मामाची मुलगी म्हणजे हक्काची, ही रीत आपल्या कितीतरी घरांत अजून चालू आहे. रक्त न थांबणारे मूल ज्या भावकीत आहे, तिथे तरी ही रीत थांबलीच पाहिजे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. आणि जिचे लग्न असे झाले आहे त्या सुनेला बोल लावणे त्याच क्षणी बंद झाले पाहिजे.

इतक्या विरळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. हेच पाच प्रश्न व्हॉन विलेब्रांडची मुलगीही शोधून देतात, आणि विचारायला दोन मिनिटे पुरतात. सरकारकडेही आमची एक मागणी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात रक्ताचे तीन आजार नावाने आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. ग्लान्झमनच्या मुलीचेही रक्त तसेच वाहते, पण तिचे नाव त्या यादीत नाही. ते घातले पाहिजे. जिल्ह्यात सिकलसेलसाठी शाळकरी मुलींचे रक्त तपासतात, त्याच रांगेत कान, दात, नाक, डाग आणि पाळी यांचे पाच प्रश्न विचारले जावेत.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. रक्त न थांबणाऱ्या मुलीचा रिपोर्ट पाहून कुणी "प्लेटलेट नॉर्मल आहेत" म्हणाले, तर उठू नका. विचारा, "आणि बीटी किती आली?"