थंडावा म्हणजे उतारा नव्हे: पेपरमिंटचा चहा आणि छातीतली जळजळ

पेपरमिंटचा चहा पित्तावर उपकारक असतो, हा समज तीन गोष्टींवर उभा आहे. पुदिना थंड, पित्त उष्ण, म्हणून पुदिन्याने पित्त शमते, ही पहिली. पुदिना पाचक आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटदुखीवर दिला जातो, ही दुसरी. तिसरी सर्वांत पटणारी आहे: चहा घेतला की दोन-चार ढेकरा येतात आणि पोट हलके होते. यांपैकी एकही गोष्ट सपशेल खोटी नाही. तरीही जेवणानंतर छातीत जळजळणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टी मिळून चुकीच्या कपाकडे नेतात.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे साधारण 3 ते 4 सेंटिमीटर लांबीचे स्नायूंचे कडे असते. बोलताना त्याला झडप म्हणतात. पण ती दारासारखी फळी नव्हे, आवळून धरलेली मूठ आहे. घास आला की मूठ क्षणभर सैल होते आणि पुन्हा आवळते. जठराच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा थर असल्याने ते आम्ल सोसते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. त्यामुळे मूठ सैल पडून आम्ल वर आले की छातीच्या हाडामागे आग पेटते आणि घशाशी आंबट येते. जठरात आम्ल जास्त झाल्यानेच जळजळ होते असे नाही. पुष्कळांच्या जठरात आम्ल नेहमीइतकेच असते, फक्त ते नको तिथे पोचते.

आता पेपरमिंट काय करते ते पाहू. त्यातला मुख्य घटक मेंथॉल. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरले की स्नायू आवळतो. मेंथॉल हा शिरकाव रोखतो आणि स्नायू सैलावतो. आतड्यातला मुरडा थांबतो तो याच गुणामुळे. पण अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेले कडेही त्याच जातीच्या स्नायूचे आहे, आणि कुठे सैल करायचे नि कुठे नाही हे मेंथॉलला कळत नाही. 1969 साली सिग्मंड आणि मॅकनॅली या संशोधकांनी पेपरमिंटचे तेल पाण्यातून देऊन या कड्यातला दाब मोजला. दाब घसरला आणि जठरातले आम्ल वर आले.

ढेकरेचा युक्तिवाद इथेच उलटतो. कडे उघडल्याशिवाय ढेकर येत नाही. चहाने ढेकर येते याचा अर्थ कडे ढिले झाले. माणूस ताठ बसलेला असेल तर जठरात वायू वर आणि द्रव खाली असतो, त्यामुळे उघडलेल्या वाटेने वायू निघून जातो आणि खरोखर बरे वाटते. तोच माणूस आडवा झाला की द्रव थेट वाटेवर येतो. उजव्या कुशीवर झोपल्यास तर अधिकच, कारण जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा वर जातो.

थंडाव्याचेही असेच आहे. तोंडात आणि घशात गारवा ओळखणाऱ्या चेतापेशींना मेंथॉल चेतवतो, म्हणून गार वाटते. प्रत्यक्षात तापमान उतरत नाही आणि आम्लाचा एक थेंबही निष्प्रभ होत नाही. पेपरमिंटच्या गोळीत, पुदिन्याच्या अर्कात आणि ओव्याचे फूल, कापूर यांच्यासोबत अमृतधारेतही हाच मेंथॉल असतो. पोट दुखते म्हणून अमृतधारा घेणे वेगळे आणि छाती जळते म्हणून घेणे वेगळे.

जळजळीचा खरा घोळ रात्री होतो. समजा, जेवण 9 वाजता झाले, पोट जड वाटले म्हणून 10 वाजता पेपरमिंटचा चहा घेतला, ढेकर आली, घसा गार झाला आणि सव्वादहाला अंथरुणावर पाठ टेकली. जठर तेव्हा अजून भरलेले असते. साडेअकराच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन जाग आली, तर दोष जेवणाला दिला जातो आणि उपाय म्हणून दुसरा कप घेतला जातो. दुसऱ्या कपाने पुन्हा दहा मिनिटे गार वाटते आणि कडे पुन्हा सैलावते. उपायावरचा विश्वास अशा रीतीने त्रासानेच वाढत जातो.

इथे नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पमधून येणारा एक चांगला आक्षेप विचारात घ्यायला हवा. या कॅन्टोन्मेंटच्या गावात पारशी सॅनेटोरियम आणि बंगल्यांमुळे गवती चहा आणि फुदिना घातलेला दुधाचा चहा जुना ओळखीचा आहे. तो पिणाऱ्या सगळ्यांच्या छातीत का जळत नाही? कारण तो पुदिना वेगळा. बाजारातल्या जुडीत, चटणीत आणि त्या चहात असतो तो सहसा साधा पुदिना. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा असतो आणि मेंथॉल नगण्य. 1999 मधल्या एका चाचणीत निरोगी माणसांना तो देऊन पाहिला, तेव्हा कड्याच्या दाबावर परिणाम आढळला नाही. पेपरमिंट हा या साध्या पुदिन्याचा पाणपुदिन्याशी झालेला संकर आहे. पाकिटावर ‘मेंथा पायपेरिटा’ हे नाव असेल तर तो पेपरमिंट. त्यामुळे आजीच्या फुदिन्याच्या चहाचा दाखला पिशवीतल्या पेपरमिंटला लागू पडत नाही. अर्थात दुधाच्या चहातले कॅफिन काहींना बाधते, ते निराळे प्रकरण.

उलट बाजूची अतिशयोक्तीही खोडून काढली पाहिजे. पेपरमिंट प्रत्येकाला कायमचे वर्ज्य, असे सांगणे पुराव्याला धरून नाही. कपात तेल फार थोडे उतरते. 2 ग्रॅम वाळल्या पानांत तेल सव्वा टक्का धरले तरी ते जेमतेम एका थेंबाइतके, आणि त्यातलेही सगळे पाण्यात येत नाही. आतड्याच्या दुखण्यावर दिली जाणारी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल साधारण 0.2 मिलिलिटरची, म्हणजे कितीतरी पट तीव्र असते. तिच्यावर जठरात न विरघळणारे वेष्टन असते ते याच कारणाने, आणि चावून फोडली तर छातीत जळजळ होते. खाणेपिणे वगळण्याच्या सल्ल्यांचा 2006 मध्ये घेतलेला आढावाही पुदिना सोडण्याच्या बाजूने पुरेसा पुरावा नसल्याचे सांगतो. वजन घटवणे आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणे यांचा फायदा मात्र त्यात दिसला.

म्हणून निवाडा व्यक्तीपुरता करावा. बाकी काहीही न बदलता दोन आठवडे पेपरमिंटचा चहा, गोळ्या आणि अर्क बंद ठेवावेत आणि जळजळीची वेळ रोज लिहावी. मग तीन रात्री जेवणानंतर एक कप घ्यावा. जळजळ चहानंतर तासाभरात किंवा आडवे होताच परतली, तर तो कप त्या माणसासाठी नाही. काही फरकच पडला नाही, तर तो गुन्हेगार नव्हे. ही परीक्षा संपली की, निकाल काहीही लागो, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, कारण त्याने पोट दुमडते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे आणि डाव्या कुशीवर झोपावे.

ज्यांच्या छातीत जळत नाही, पण पोटात गुबारा धरतो किंवा आतड्यात मुरडा येतो, त्यांनी हा चहा बसून, जेवणानंतर, दिवसा निर्धास्तपणे घ्यावा. घास अडकणे, शौचास काळे होणे, वजन आपोआप घटणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची तपासणी टाळू नये. आणि छातीतल्या दुखण्यासोबत घाम फुटला, धाप लागली किंवा डावा हात भरून आला, तर पित्त समजून कोणताही चहा करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.